बार चार्टवरची काळी रेघ सभेत कशी समजावायची?

प्रश्न: आमच्या संस्थेने नगरपरिषदेसाठी 'ओला-सुका कचरा वेगळा करून देता का' असा सर्व्हे केला. मालमत्ता कराच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं काढली. प्रभाग १, २, ३ मध्ये प्रत्येकी १५० घरं झाली, वाढीव हद्दीत पावसामुळे २०च. 'हो' म्हणणारी घरं अनुक्रमे ९६, ७८, ७२ आणि १४. प्रभाग १ मध्ये बचत गटांनी वर्षभर घरोघर जाऊन समजावलं होतं. एक्सेलमध्ये बार चार्ट करून एरर बार लावले, तर सभेत पहिला प्रश्न आला, "म्हणजे तुमचे आकडे चुकलेत का?" आता ७० टक्के म्हणून वाढीव हद्दीला पहिला नंबर द्यायचं चाललंय. या रेघा साध्या माणसाला कळतील अशा कशा दाखवू? की काढूनच टाकू?

उत्तर:

काढू नका. तुमच्या चार बारपैकी सगळ्यात उंच बार फक्त २० घरांवर उभा आहे, आणि चार्टवर ते सांगणारी एकच खूण आहे, ती म्हणजे ही रेघ. ती काढलीत तर पहिला नंबर वाढीव हद्दीलाच जाणार आणि तुम्हाला अडवायला काही उरणार नाही. पण समजावण्याच्या आधी रेघांची लांबी बरोबर आहे का ते बघा, कारण एक्सेलमध्ये ती बहुतेकांची चुकलेली असते.

चार्टच्या बाजूच्या + वर जाऊन `Error Bars` वर नुसती खूण केलीत, तर एक्सेल `Standard Error` लावतं. ते कशावरून काढतं? तुमच्या चार बारच्या उंचीवरून. कोणत्या बारमागे १५० घरं आहेत आणि कोणत्या बारमागे २०, हे त्याला कुठून कळणार? तिथेच `Percentage` नावाचा पर्याय आहे, तो बारच्या उंचीच्या ५ टक्के लांबीची रेघ काढतो. त्यालाही सर्व्हेच्या दृष्टीने काही अर्थ नाही. चूक ओळखायला सोपी आहे: चारही रेघा सारख्याच लांबीच्या दिसत असतील, तर त्या तुमच्या सर्व्हेच्या नाहीत. तुमच्या आकड्यांवरून वाढीव हद्दीची रेघ बाकीच्यांच्या दुपटीहून लांब यायला हवी.

म्हणून रेघेची दोन टोकं आपण स्वतः काढायची. B मध्ये 'हो' म्हणणारी घरं, C मध्ये एकूण घरं, आणि मग:

```
D2:  =B2/C2
E2:  =(B2+1.92)/(C2+3.84)-1.96/(C2+3.84)*SQRT(B2*(C2-B2)/C2+0.96)
F2:  =(B2+1.92)/(C2+3.84)+1.96/(C2+3.84)*SQRT(B2*(C2-B2)/C2+0.96)
G2:  =D2-E2
H2:  =F2-D2
```

E हे खालचं टोक, F हे वरचं. चार्टमध्ये `Error Bars` > `More Options` > `Custom` > `Specify Value` इथे जाऊन `Negative Error Value` मध्ये G चा रकाना द्या आणि `Positive Error Value` मध्ये H चा. तुमची उत्तरं अशी येतील: प्रभाग १ चे ६४ टक्के, रेघ ५६ ते ७१. प्रभाग २ चे ५२, रेघ ४४ ते ६०. प्रभाग ३ चे ४८, रेघ ४० ते ५६. वाढीव हद्दीचे ७०, रेघ ४८ ते ८५.

हे विल्सन यांचं १९२७ सालचं सूत्र आहे. पुस्तकात आधी शिकवतात ते 'टक्केवारी अधिक-उणे इतकं' असं सूत्र मी सर्व्हेच्या चार्टसाठी वापरत नाही. समजा २० पैकी १९ घरांनी 'हो' म्हटलं, तर त्या साध्या सूत्राने रेघेचं वरचं टोक १०० च्या पुढे, जवळजवळ १०५ टक्क्यांवर जातं. सभेत एकाने जरी ते पाहिलं तरी पुढचं काही कोणी ऐकून घेणार नाही. २० पैकी २० घरांनी 'हो' म्हटलं तर साधं सूत्र रेघच पुसून टाकतं, म्हणजे २० घरांवरून शंभर टक्के खात्री! विल्सनची रेघ १९ ला ७६ ते ९९ अशी राहते, शंभरच्या आतच. हिच्यात रेघ बारच्या टोकाच्या खाली आणि वर सारखी नसते. वाढीव हद्दीची रेघ खाली २२ अंक जाते आणि वर १५च. ते बरोबर आहे, जबरदस्तीने सारखी करू नका.

आता मूळ अडचणीकडे. तुमच्या सभेतला प्रश्न मी अनेक ठिकाणी ऐकलाय, आणि विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. 'एरर' हा शब्द आपण चार्टवर लिहिला किंवा तोंडाने उच्चारला की ऐकणारा त्याचा सरळ अर्थ घेतो, चूक. मराठीत 'त्रुटी' लिहिलंत तर आणखी वाईट, कारण नगरपरिषदेच्या कारभारात त्रुटी म्हणजे अर्ज परत पाठवण्याचं कारण. हे दोन्ही शब्द चार्टवरून आणि बोलण्यातून काढून टाका. मी 'अंदाजाची रेघ' म्हणतो. 'कॉन्फिडन्स इंटरव्हल' हे तिचं शास्त्रीय नाव अहवालाच्या मागच्या पानावर, पद्धतीच्या मजकुरात असू द्या.

दुसरा गैरसमज जास्त लपलेला असतो, कारण तो कोणी विचारून दाखवत नाही. प्रभाग २ ची रेघ ४४ ते ६० पाहून लोकांना वाटतं, काही गल्ल्यांत ४४ टक्के आहे आणि काहींत ६०. म्हणजे ते रेघेला 'कमीत कमी ते जास्तीत जास्त' असं वाचतात. हवामानाच्या बातम्यांत किमान-कमाल तापमान रोज बघणाऱ्या माणसाने दुसरं काय वाचावं? प्रत्यक्षात रेघ गल्ल्यांबद्दल काही सांगतच नाही. प्रभागाचा आकडा एकच आहे, तो आपल्याला नेमका माहीत नाही, आणि तो कुठल्या टापूत असावा एवढंच ती सांगते.

सभेत हे सांगताना मी भाताचा दाखला देतो. शितावरून भाताची परीक्षा सगळ्यांनाच माहीत आहे. एक शीत दाबलं आणि मऊ लागलं, तर भात झाला असं म्हणायला जीव धजावत नाही, आपण आणखी चार-पाच दाबून बघतो. जितकी शितं जास्त, तितकी खात्री जास्त. आपण किती शितं दाबली, ते ही रेघ सांगते. आखूड रेघ म्हणजे पुष्कळ दाबली, लांब रेघ म्हणजे थोडी. एवढं सांगितलं की वाढीव हद्दीच्या लांबलचक रेघेकडे लोक आपणहून बोट दाखवतात. दाखल्यातली एक अट मात्र सोडू नका: भात ढवळलेला हवा. वरवरची शितं कितीही दाबली तरी तळाचं कळत नाही. तुम्ही कराच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यात, म्हणजे भात ढवळलात.

पुढचा दोष आपण काढलेल्या चित्राचाच असतो. बार भरीव रंगाचा असला की रेघेचा खालचा अर्धा भाग त्या रंगात बुडतो आणि वरचा अर्धा तेवढा पांढऱ्यावर उठून दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, ६४ म्हणजे 'फार तर ७१', खालीही ५६ पर्यंत जाऊ शकतं हे डोळ्यांत भरतच नाही. शिवाय रंगवलेला भाग हा 'आतला', 'आपल्या हातात असलेला' वाटतो. न्यूमन आणि शॉल या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोगांतून हे दाखवलं: टोकापासून सारख्याच अंतरावरचे दोन आकडे दिले, तर बारच्या आत पडणारा आकडा लोकांना जास्त संभवनीय वाटतो. रेघ दाखवली तरी हा कल पूर्ण जात नाही.

यावर माझा पहिला उपाय म्हणजे बारच काढून टाकणं: जिथे बारचं टोक होतं तिथे एक ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रेघ. चार ओळी, डावीकडे प्रभागाचं नाव, आडवी रेघ, मधे ठिपका. आत-बाहेर असं काही उरत नाही. पण नगरपरिषदेला बार चार्टच हवा असतो, हेही मला माहीत आहे. मग बार आडवा करा, रंग अगदी फिका राखाडी घ्या, आणि रेघ काळी, ठळक, बारवर स्पष्ट दिसेल अशी. एक्सेल रेघेच्या टोकांना आडवे दांडे लावतं, ते `End Style` मध्ये `No Cap` करून काढा. दांडा दिसला की माणूस त्याला कुंपण समजतो, ५६ च्या आत सगळं शक्य आणि ५५ अशक्य. असं कुंपण आकड्यांत कुठेच नाही. रेघेच्या टोकाकडचे आकडे मधल्या आकड्यांपेक्षा कमी संभवनीय असतात, आणि टोकाबाहेरचे आणखी कमी, एवढंच. हे दाखवायला टोकाकडे विरत जाणारा रंग वापरतात. पडद्यावर तो छान दिसतो, पण तुमचा चार्ट सभेच्या अजेंड्याला जोडून झेरॉक्स होणार, आणि झेरॉक्सवर विरता रंग म्हणजे नुसता डाग. त्यापेक्षा साधी काळी रेघ बरी. चार्ट झाला की त्याची एक झेरॉक्स काढून बघाच.

आकडा कुठे लिहायचा, हीही छोटी गोष्ट नाही. एक्सेल तो बारच्या टोकाशी ठेवतं, म्हणजे बरोबर रेघेवर. तिथून हलवून डावीकडे, प्रभागाच्या नावाशेजारी आणा आणि पूर्ण लिहा: 'प्रभाग १, १५० घरं, १०० पैकी ६४'. '६४.०' असं दशांश चिन्ह देऊ नका. जिथे रेघच १५ अंकांची आहे तिथे दशांशाने खोटी बारकाई दिसते. घरांची संख्या मात्र प्रत्येक ओळीत हवीच, तळटीपेत नाही. रेघ ज्याला कळणार नाही, त्याला '२० घरं' हे तरी नक्की कळतं.

आता रेघेचा अर्थ सांगणारं वाक्य. ते चार्टच्या आतच, एखाद्या रेघेजवळ लिहायचं, खाली बारीक अक्षरात नाही. मी हे लिहीन:

'काळी रेघ: प्रभागातल्या सगळ्या घरांना विचारलं असतं, तर १०० पैकी किती घरांनी "हो" म्हटलं असतं, तो आकडा बहुधा या रेघेच्या आत आला असता. रेघ जितकी लांब, तितकी आपली माहिती कमी.'

वरच्या सूत्राने निघणाऱ्या रेघा ९५ टक्के खात्रीच्या आहेत, पण या वाक्यात '९५ टक्के' कुठेच नाही, आणि ते मी जाणूनबुजून टाळलंय. ज्या चार्टचा अक्षच टक्क्यांचा आहे, त्यावर आणखी एक वेगळ्याच अर्थाचा टक्का आणला की गोंधळ होतो. एका सभेत '९५ टक्के विश्वास' हे शब्द वाचून एक सदस्य म्हणाले होते, 'म्हणजे ९५ टक्के लोकांचा आपल्या कामावर विश्वास आहे.' ते मनापासून खूश झाले होते, आणि चूक त्यांची नव्हती, लिहिणाऱ्यांची होती. आकडा सांगायचाच झाला तर '२० पैकी १९ वेळा' असा सांगा. कॅनडातल्या वर्तमानपत्रांत जनमत चाचण्यांखाली असंच छापतात, आणि ते टक्क्यांत मिसळत नाही.

संख्याशास्त्र शिकलेलं कोणी सभेत असेल तर 'बहुधा या रेघेच्या आत' यावर हरकत घेईल. नेमान यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या व्याख्येप्रमाणे खात्री या एका रेघेची नसते, पद्धतीची असते: असाच सर्व्हे पुन्हा पुन्हा केला तर निघणाऱ्या रेघांपैकी २० मागे साधारण १९ रेघा खऱ्या आकड्यावरून जातील. हातातली रेघ त्या १९ मधली की उरलेली एक, हे कोणालाच सांगता येत नाही. हरकत बरोबर आहे, आणि अहवालाच्या मागच्या पानावर हे नीट लिहा. पण पाणी, रस्ता, कचरा यावर दहा मिनिटांत निर्णय घेणाऱ्या माणसाला 'बहुधा' या शब्दाने चुकीच्या वाटेवर नेलं जात नाही, म्हणून चार्टवर मी तोच ठेवतो.

पहिल्या नंबरचा प्रश्न आता घेऊ. वाढीव हद्द प्रभाग १ पेक्षा ६ अंकांनी पुढे दिसते. पण २० घरांच्या जोरावर ढोबळमानाने एवढंच म्हणता येतं की ती वीसहून जास्त अंकांनी पुढे असू शकते आणि पंधराएक अंकांनी मागेही असू शकते. उंचीप्रमाणे बार लावले की ही गोष्ट दडते, कारण रांग म्हटली की पहिला-दुसरा आलाच. म्हणून बार उंचीप्रमाणे लावू नका, प्रभागांच्या क्रमाने लावा. वाढीव हद्दीला या चार्टमध्ये बारच देऊ नका. थोडी जागा सोडून खाली पोकळ ठिपका आणि रेघ काढा, शेजारी लिहा: 'वाढीव हद्द: फक्त २० घरं झाली, त्यांपैकी १४. तुलना करू नये.' हा काही तुमचा आडमुठेपणा ठरणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तक्त्यांत २५ पेक्षा कमी नोंदींवरची टक्केवारी छापतच नाहीत, तिथे तारांकन असतं. २५ ते ४९ नोंदी असतील तर आकडा कंसात टाकतात. देशाच्या एवढ्या मोठ्या सर्वेक्षणाला जो नियम लागतो तो आपल्यालाही लावला, असं सभेत सांगा. माझा अनुभव असा की हे वाक्य मुख्याधिकाऱ्यांना लगेच पटतं.

आणि पाऊस उघडला की तिथे परत जा. रेघ निम्मी करायला घरं चौपट लागतात. म्हणजे आणखी ६० घरं, तीही त्याच चिठ्ठ्यांच्या यादीतून. मग ३७ अंकांची रेघ वीसेक अंकांवर येईल. दोन माणसांचं तीन-चार दिवसांचं काम आहे, सत्कार तेवढा पुढे ढकलता येईल.

प्रभाग १ आणि २ ची तुलना जास्त नाजूक आहे, आणि बचत गटांच्या वर्षभराच्या कामाचं मोल तिच्यावरच ठरणार आहे. इथे बघणारे एक चुकीचा नियम लावतात, आणि तो नियम जाणकारांतही पसरलेला आहे: रेघा एकमेकींवर आल्या की फरक नाही. प्रभाग १ ची रेघ ५६ पासून सुरू होते, प्रभाग २ ची ६० ला संपते. चार अंक एकमेकींवर येतात. म्हणजे बचत गटांचं काम वाया गेलं का? नाही.

दोन्ही रेघा साधारण अधिक-उणे ८ च्या आहेत. फरकाची अधिक-उणे मात्र ८ आणि ८ मिळून १६ होत नाही. १६ व्हायला प्रभाग १ चा आकडा योगायोगाने पूर्ण ८ ने जास्त लागायला हवा आणि त्याच वेळी प्रभाग २ चा पूर्ण ८ ने कमी. दोन्ही चुका एकदम, उलट दिशांना, पूर्ण ताकदीने होणं विरळा. म्हणून त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते: ८ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, म्हणजे ११ च्या आसपास. फरक आहे १२ अंकांचा. १२ अधिक-उणे ११, म्हणजे प्रभाग १ हा प्रभाग २ पेक्षा १ ते २३ अंकांनी पुढे. शून्य त्यात येत नाही, तर फरक आहे असं म्हणता येतं, फक्त तो किती मोठा आहे हे अजून धूसर आहे. प्रभाग २ आणि ३ चं तसं नाही. तिथे फरक ४ चा आणि अधिक-उणे ११, म्हणजे कोण पुढे हेच सांगता येत नाही.

हा हिशेब बघणाऱ्याने डोळ्यांनी करावा अशी अपेक्षा धरू नका. तो तुम्ही करा आणि चार्टच्या उजवीकडे शब्दांत लिहा: 'प्रभाग १, प्रभाग २ च्या पुढे आहे: १०० मागे १ ते २३ घरांनी' आणि 'प्रभाग २ आणि ३: फरक सांगता येत नाही'. ज्या तुलनेवर निर्णय व्हायचाय, तिचं उत्तर चार्टवर लिहिलेलं असलंच पाहिजे. फक्त सगळ्या जोड्या तपासून ज्यात फरक निघाला तेवढ्याच छापू नका. चार ठिकाणं म्हणजे सहा जोड्या, आणि एवढ्या चाळल्या की एखादीत निव्वळ योगायोगाने फरक दिसू शकतो. बचत गटांचं काम प्रभाग १ मध्ये झालं हे सर्व्हेच्या आधीच माहीत होतं, म्हणून १ ची तुलना रास्त आहे.

हे सगळं उभं आहे ते एका गोष्टीवर: घरं यादीतून सुटी सुटी निवडली. हे मी जोर देऊन सांगतोय, कारण मी स्वतः यात चुकलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या पाण्याच्या सर्व्हेत आम्ही १० वस्त्या निवडल्या आणि प्रत्येक वस्तीत ओळीने १५ घरं केली. १५० घरं झाली म्हणून मी १५० च्या हिशेबाने रेघा काढल्या, सुबक आणि आखूड. पुढच्या वर्षी दुसऱ्या वस्त्या घेतल्या, तर आकडा त्या रेघेच्या पार बाहेर गेला. वस्त्यांत बदल काहीच झालेला नव्हता. एका वस्तीतल्या १५ घरांना एकाच टाकीचं पाणी होतं, पहिल्या घराने सांगितलं तेच पंधराव्याने सांगितलं. मी १५ उत्तरं मोजली, पण माहिती दोन-तीन घरांएवढीच मिळाली होती. त्या रेघा ज्यांना दाखवल्या त्यांनी त्यांवर भरवसा ठेवून कामाचा क्रम लावला होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

कचऱ्यातही हेच होतं. एका गल्लीला एकच घंटागाडी, एकमेकांचं बघून लागलेली सवय. समजा तुम्ही प्रत्येक प्रभागात १० गल्ल्या घेऊन गल्लीत १५ घरं केली असती, आणि गल्लीतल्या घरांचं आपसातलं साम्य अगदी थोडं, ०.०५ एवढंच असतं, तरी १५० घरांचं मोल ८८ घरांइतकं उरलं असतं. हिशेब असा: १ अधिक १४ गुणिले ०.०५, म्हणजे १.७. त्याने १५० ला भागा. मग ८ ची अधिक-उणे १० च्या पुढे जाते, आणि प्रभाग १ व २ मधला फरक उणे २ ते अधिक २६ असा येतो. शून्य आत आला, निर्णय फिरला. म्हणून चिठ्ठीत आलेलं घर बंद दिसल्यावर तुमच्या मुलांनी शेजारचं घर घेतलं का, हे त्यांना आजच विचारा. तसं बरंच झालं असेल तर रेघा आहेत त्यापेक्षा लांब करायला लागतील.

रेघेत काय येत नाही, हेही चार्टखाली एका ओळीत हवं. ती फक्त सगळ्यांना न विचारता काहींनाच विचारल्याची अनिश्चितता मोजते. दारात आलेल्या माणसाला बरं वाटावं म्हणून 'हो' म्हणणारं घर तिच्यात मोजलेलं नाही. दिवसभर कुलूप असलेलं घरही नाही. घरं १५० ची १५०० केलीत तरी हे दोष जागच्या जागी राहतात आणि रेघ मात्र आखूड होऊन जास्त खात्रीची वाटते. तपासायचा सोपा मार्ग म्हणजे घरात दोन वेगळे डबे दिसले का, ही नोंद. ती तुमच्या फॉर्ममध्ये असेल तर 'हो' म्हणणाऱ्या ९६ घरांपैकी किती घरांत दोन डबे दिसले ते मोजा. ७० निघाली, तर अडचण रेघेच्या लांबीची नाहीच, मग चार्टचं शीर्षक 'कचरा वेगळा करणारी घरं' असं न ठेवता 'कचरा वेगळा करतो असं सांगणारी घरं' असं ठेवा.

सभेच्या आधी हा चार्ट तीन जणांना दाखवा. एक सफाई मुकादम, एक बचत गटाच्या ताई, एक नगरसेवक. तिघांनाही वेगवेगळं, आणि तुम्ही काही समजावून न सांगता. 'कळलं का?' असं विचारू नका, त्यावर सगळे हो म्हणतात. चार प्रश्न विचारा: वाढीव हद्द सगळ्यात पुढे आहे असं म्हणाल का? प्रभाग २ आणि ३ मध्ये पुढे कोण? प्रभाग १ च्या सगळ्या घरांना विचारलं तर १०० पैकी ५० निघतील असं वाटतं का, आणि ६० निघतील असं वाटतं का? शेवटच्या दोन प्रश्नांना 'बहुतेक नाही' आणि 'निघू शकतील' अशी उत्तरं आली, तर रेघ पोचली. कोणी 'काही गल्ल्यांत ५६ आणि काहींत ७१' असं म्हणालं, तर दोष चार्टवरच्या वाक्यात आहे. 'सगळ्या घरांना विचारलं असतं तर' हे शब्द ठळक करून तोच चार्ट चौथ्या माणसाला दाखवा.